आईसाठी तीन डॉक्टरांनी तीन तपासण्या लिहिल्यात: गॅस्ट्रिक एम्प्टिंग, हायडा की एमआरसीपी?

अक्कलकोट_रोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण मोघम विचारलं की उत्तरंही मोघमच मिळतात.

आई ६१ वर्षांची. साखरेचा आजार १४ वर्षांपासून, त्यातली शेवटची ५ वर्षं इन्सुलिनवर. चार महिन्यांपासून अर्धी भाकरी खाल्ली की "भरलं माझं" म्हणते आणि पोट तट्ट होतं. आठवड्यातून एकदोनदा उलटी होते. गेल्या बुधवारी पहाटे उलटी झाली ती मी स्वतः पाहिली. आदल्या रात्री आठला खाल्लेल्या उसळीतली मटकी त्यात अख्खी होती, चावलेलीसुद्धा ओळखू येत होती. दहा तास झाले होते. ते बघून मी हबकलो. शिवाय उजव्या बरगडीखाली कधीतरी दुखतं, रोज नाही.

आतापर्यंत झालेलं: सोनोग्राफीत पित्ताशयात खडा नाही, पित्तनलिका ५ मिलिमीटर. बिलीरुबिन ०.७, लिव्हरचे बाकी आकडे हद्दीत. एंडोस्कोपी रात्रभर उपाशी ठेवून केली तरी जठरात अन्न शिल्लक होतं. अल्सर नाही, जठराचं खालचं तोंड उघडं, दुर्बीण पुढे आतड्यात नीट गेली.

आता फॅमिली डॉक्टर म्हणतात हायडा करा, सर्जन म्हणतात एमआरसीपी, पोटविकारवाले म्हणतात गॅस्ट्रिक एम्प्टिंग. तिन्ही एकदम करायची ऐपत नाही. एमआरसीपी इथं सोलापुरातच होईल, बाकी दोन्हींसाठी आम्हाला पुण्याचं केंद्र सुचवलंय. आधी कोणती करू? आणि प्रत्येकीची तयारी काय?

---

रेल्वेलाईन्सकर

काय घाबरालाव ओ! सरळ एमआरसीपी करून टाका. माझ्या भावाची केली होती. पित्ताशय, नळी, स्वादुपिंड, सगळं एका दमात दिसतं. इंजेक्शन नाही, किरणं नाहीत. बाकी दोन्हींमध्ये ते रेडिओअ‍ॅक्टिव्ह औषध शरीरात जातं. एकाच तपासणीत काम होत असेल तर पुण्याला कशाला जायचं?

---

दमाणीनगरची_मीना

माझी हायडा झालीय म्हणून सांगते. आईंचं उजव्या बरगडीखाली दुखतं ना, मग पित्ताशयच असणार. माझंही सोनोग्राफीत काही नव्हतं. भजी, बटाटेवडा खाल्ला की तासाभरात कळ, पाठीत उजव्या खवाट्यापर्यंत. हायडात निघालं की पित्ताशय जेमतेम १८ टक्के रिकामं होतंय, ३८ च्या वर हवं होतं. पित्ताशय काढलं. रात्रीची ती कळ गेली ती गेलीच.

---

मोजणीदार

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये तंत्रज्ञ आहे, १२ वर्षं गॅमा कॅमेऱ्यावर काम करतोय. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधं बंद-चालू करण्याचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण या तीन तपासण्यांची सरमिसळ रोज बघतो, म्हणून लिहितो.

रेल्वेलाईन्सकर, तुमच्या भावाला एमआरसीपी बरोबरच होती, पण "सगळं दिसतं" हे अर्धंच खरं. एमआरसीपी साचलेला पातळ पदार्थ पांढरा दाखवते. पित्तनलिका, स्वादुपिंडाची नळी, त्यात खडा असेल तर पांढऱ्या रेघेत काळा ठिपका, कुठं अरुंद झालं असेल तर ती जागा. म्हणजे तो पाईपलाईनचा फोटो आहे. पाईपमधून पाणी किती वेगानं जातंय ते त्यात कळत नाही, आणि जठर किती वेळात रिकामं होतं ते तर अजिबातच नाही.

आता आईंकडे बघा. बिलीरुबिन ०.७, लिव्हरचे आकडे ठीक, नळी ५ मिलिमीटर. नळीत काही अडकलंय असं यातली एकही गोष्ट सुचवत नाही. दुसरीकडे दहा तासांनी अख्खी मटकी, उपाशीपोटी एंडोस्कोपीत अन्न, १४ वर्षांची साखर आणि जठराचं तोंड उघडं. साखरेनं जठराच्या हालचालीच्या नसा मंदावल्या तर नेमकं असंच दिसतं. इथं विचारायचा प्रश्न एकच आहे, जठर किती वेळात रिकामं होतं? आणि त्या प्रश्नाचं उत्तर देणारी तपासणी तिघींत एकच.

---

कडक_भाकरी

मोजणीदारसाहेब, पाईपलाईनचा दाखला सोलापूरकरांना लगेच कळणार. आमच्याकडे पाईप चकाचक आणि पाणी चार-पाच दिवसांआड. फोटो काढून काय उपयोग!

---

मोजणीदार

@कडक_भाकरी, अगदी हेच. पुढच्या वेळी केंद्रावर पेशंटला असंच सांगतो.

---

विजापूररोड_ताई

एमआरसीपी करताना घशातून दुर्बीण घालतात ना? माझ्या सासऱ्यांची केली तेव्हा बेशुद्ध केलं होतं, खडा काढला, नळीत प्लास्टिकची स्टेंट टाकली, आणि नंतर दोन दिवस स्वादुपिंडाला सूज येऊन पोट दुखत होतं. ६१ व्या वर्षी आईंना एवढं सोसवेल का? मला तर भीती वाटते.

---

उजेड_सावली

ताई, ती ईआरसीपी. नावं जुळी असल्यामुळे ही गफलत फार होते. ईआरसीपीत दुर्बीण घशातून आतड्यापर्यंत नेऊन नळीत काम करतात, आणि स्वादुपिंडाला सूज येणं हा तिचा माहीत असलेला धोका आहे. एमआरसीपी म्हणजे नुसतं एमआरआयच्या बोगद्यात झोपून श्वास धरायचा आणि सोडायचा. मी रेडिओलॉजीत शिकतोय, रोज चारपाच तरी होतात.

तयारी अगदी साधी. चार ते सहा तास खाणंपिणं बंद, कारण जठरात पाणी असलं तर तेही पांढरं दिसतं आणि नळीवर पसरतं. काही ठिकाणी आधी अननसाचा रस देतात. त्यातल्या मँगनीजमुळे जठरातलं पाणी फोटोत काळं पडतं आणि मागची नळी मोकळी दिसते. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली जुनी क्लिप, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर आत जायच्या आधी सांगायचंच. यंत्रमागाच्या कारखान्यात किंवा वेल्डिंगवर काम केलेल्यांना मी हे मुद्दाम दोनदा विचारतो. दंडावर साखर मोजायचा सेन्सर चिकटवलेला असेल तर तो बहुतेक वेळा काढावा लागतो. मंगळसूत्र, जोडवी घरीच काढून या. बायकांची जोडवी वर्षानुवर्षं बोटात रुतलेली असतात, आणि ऐन वेळी साबण लावून काढताना अर्धा तास जातो.

@दमाणीनगरची_मीना, पित्ताशय काढताना बसवलेल्या क्लिपा बहुतेक टायटॅनियमच्या असतात. तुम्हाला पुढे कधी एमआरआय लागला तर त्यांची भीती नाही, फक्त ऑपरेशन झालंय हे सांगा.

---

रेल्वेलाईन्सकर

बरं, मान्य. भावाचं वेगळं होतं. त्याचे डोळे पिवळे, बिलीरुबिन ५, नळी ११ मिलिमीटर. एमआरसीपीत नळीच्या खालच्या टोकाला खडा दिसला, मग ईआरसीपीनं काढला.

---

उजेड_सावली

एवढी कावीळ आणि एवढी फुगलेली नळी असली तर बरेच डॉक्टर एमआरसीपीत न थांबता थेट ईआरसीपीला नेतात, कारण खडा असणार हे जवळजवळ ठरलेलं असतं. एमआरसीपीचा खरा उपयोग मधल्या पेशंटला होतो. लिव्हरचे आकडे थोडे वर आहेत, नळी किंचित रुंद आहे, पण खात्री नाही. आणि तीन-चार मिलिमीटरपेक्षा बारीक खडा, त्यातही नळी आतड्यात उघडते त्या टोकाशी असलेला, एमआरसीपीत निसटू शकतो. रिपोर्ट साफ आणि आकडे मात्र चढतच आहेत, असं झालं तर एंडोस्कोपिक सोनोग्राफी करतात.

---

अक्कलकोट_रोड

खूप आभार. एमआरसीपी मागे ठेवायची हे डोक्यात बसलं. पण मीनाताई म्हणतात तसं बरगडीखाली दुखतंय, त्याचं काय? पुण्याला जायचंच आहे तर हायडा आणि गॅस्ट्रिक एम्प्टिंग एकाच दिवशी उरकून आलो तर नाही का चालणार? दोन्ही त्याच कॅमेऱ्यावर होतात असं कळलं.

---

मोजणीदार

नाही, आणि याची दोन कारणं आहेत. दुसरं जास्त महत्त्वाचं.

पहिलं सोपं. दोन्हींत टेक्नेशियमच वापरतात. त्याचं अर्धं होण्याचं आयुष्य ६ तास. सकाळी हायडा केली की दुपारी आतडी उजळलेली असतात, आणि त्या उजेडात जठर मोजायचं म्हणजे मोजणीच चुकते. मधे किमान एक दिवस जाऊ द्यावा लागतो.

दुसरं कारण नीट वाचा. हायडात शिरेतून औषध देतात, यकृत ते पित्तात टाकतं, पित्ताशय भरतं. भरलं की त्याला पिळायला लावायचं आणि किती टक्के रिकामं झालं ते मोजायचं, त्या आकड्यालाच ईएफ म्हणतात. ते पिळायला लावणारं इंजेक्शन आपल्याकडे सगळीकडे मिळत नाही. मग पुष्कळ केंद्रं त्याऐवजी चरबीचं खाणं देतात, साय असलेलं दूध, लोणी-ब्रेड असं काहीतरी. ही चरबी जठरातून पुढच्या आतड्यात पोचली की तिथून संप्रेरक सुटतं आणि त्यानं पित्ताशय आकसतं. आता ज्या बाईच्या जठरातून मटकी दहा तास हलत नाही, तिला दूध-लोणी दिलं तर काय होईल? चरबी जठरातच बसून राहील, संप्रेरक सुटणार नाही, आणि निरोगी पित्ताशयही सुस्त दिसेल. रिपोर्टवर १५ टक्के येईल आणि कोणीतरी पित्ताशय काढायचा सल्ला देईल.

म्हणून आधी जठर मोजा. ते मंद निघालं आणि तरी हायडा हवीच असली तर इंजेक्शन देऊन करणारं केंद्र शोधा. फोनवर सरळ विचारायचं, "पित्ताशयाचा ईएफ काढताना इंजेक्शन देता की खाणं?"

---

दमाणीनगरची_मीना

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला दूधच दिलं होतं. माझी कळ गेली हे खरं, पण जेवल्यावरचं फुगणं अजून तसंच आहे. आता शंका येतेय.

दुसरंही सांगते, कोणाच्या तरी कामी येईल. माझी हायडा पहिल्यांदा वायाच गेली होती. आषाढी एकादशीला मी निर्जळ केलं, आणि द्वादशीला पारणं न सोडता तशीच तपासणीला गेले, उपाशी यायला सांगितलं होतं म्हणून. दशमीच्या रात्रीपासून धरून ३६ तास झाले होते. तास होऊन गेला तरी पित्ताशय दिसेना. तिथल्या मॅडमनी शेवटचं कधी जेवलात विचारलं आणि कपाळाला हात लावला. आठ दिवसांनी रीतसर सहा तास उपाशी राहून गेले तेव्हा पस्तिसाव्या मिनिटाला पित्ताशय भरलं.

---

मोजणीदार

मीनाताई, तुमच्या दुधाच्या आकड्याबद्दल आता काही खात्रीनं सांगता येणार नाही. तुमची कळ तेलकट खाल्ल्यावरच यायची आणि ऑपरेशननंतर थांबली, म्हणजे पित्ताशयाचा दोष असण्याची शक्यता चांगली आहे. फुगण्याचं कारण वेगळं असू शकतं. पित्ताशय काढल्यावर नुसतं फुगणं राहिलेले पेशंट मी पुष्कळ पाहिलेत.

उपासाचा अनुभव सांगितलात ते फार बरं केलंत. हायडाला चार-सहा तास उपास हवा, पण २४ तासांच्या वर गेलं की पित्ताशय आधीच घट्ट पित्तानं गच्च भरलेलं असतं. नवीन औषधाला आत जागाच नसते, आणि तोंड बंद असल्यासारखं दिसतं. हॉस्पिटलात तीन-चार दिवस सलाईनवर असलेल्यांचंही हेच होतं. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनच्या जातीचं औषध चालू असेल तर तेही सांगायचं. त्यानं नळीच्या टोकाची झडप आवळली जाते आणि पित्त आतड्यात उशिरा उतरतं.

---

शेंगाचटणी

एक बाळबोध प्रश्न. एंडोस्कोपीतच अन्न दिसलंय, साखर आहे, उलट्या आहेत. मग स्कॅनची गरजच काय? गोळ्या चालू करा की. एवढा पुण्याचा खर्च वाचेल.

---

उजेड_सावली

प्रश्न बाळबोध नाही, काही डॉक्टर तसं करतातही. पण एंडोस्कोपीत एकदा अन्न दिसणं हा पुरावा कच्चा आहे. त्या दिवशी साखर खूप चढलेली असली तरी जठर तात्पुरतं थंडावतं. काही औषधांनीही थंडावतं. आणि जठर ढकलायच्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्यायच्या म्हणजे त्यातल्या काहींनी हातापायांना कंप, तोंडाच्या वेड्यावाकड्या हालचाली असले त्रास होऊ शकतात. एवढ्या लांबच्या उपचाराआधी खात्री केलेली बरी, असं माझं मत.

---

शेंगाचटणी

समजलं. तरी ज्याला पुण्याला जाणं झेपत नाही त्यानं काय करायचं, हा प्रश्न राहतोच.

---

अक्कलकोट_रोड

ठरलं, आधी गॅस्ट्रिक एम्प्टिंग. आता अडचणी सांगतो. केंद्राला फोन केला तर ते म्हणाले अंड्याचं सँडविच देतात. आई माळकरी, अंडं तोंडाला लावणार नाही. दुसरं, ती रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल घेते, ती चालते का? तिसरं, सकाळच्या हुतात्मानं निघालो तर दहा-साडेदहाला पुण्यात पोचू, तोवर उपाशी चालेल ना? आणि एक विचारायला संकोच वाटतो, आई मिश्री लावते.

---

मोजणीदार

संकोच कसला, बरं झालं विचारलंत. निकोटिननं जठर मंदावतं. मिश्रीतही तेच आहे. तपासणीच्या सकाळपासून संपेपर्यंत बंद.

कॅप्सूलचं नाव नीट वाचा. अ‍ॅसिडिटीची म्हणून जी देतात तिच्यात पुष्कळदा पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीला डोमपेरिडोन, इटोप्राइड किंवा लेवोसल्पिराइड असतं. ही जठर ढकलणारी औषधं आहेत. ती पोटात असताना स्कॅन केला तर जठर आहे त्यापेक्षा बरं दिसेल. साधारण ४८ तास आधी बंद करायला सांगतात. पोटातल्या मुरड्याची डायसायक्लोमिनसारखी गोळी उलट बाजूनं फसवते, तीही तेवढेच दिवस बंद. डॉक्टरांना विचारून करा, मनानं नको. वजन-साखरेसाठी सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांनी तर मुद्दाम सांगावं. त्यानं जठर चांगलंच मंदावतं, आणि आठवड्याच्या इंजेक्शनचा असर ४८ तासांत जात नाही.

अंड्याचं कारण समजून घ्या. टेक्नेशियमचं औषध अंड्याच्या पांढऱ्यात मिसळून शिजवलं की ते घट्ट धरून बसतं, म्हणजे कॅमेरा जे मोजतो ते खरंच घन अन्न असतं. शाकाहारी लोकांसाठी काही केंद्रं पिठात मिसळून इडली करतात, ते चालतं. पण पोह्यांवर किंवा उपम्यावर नुसतं वरून ओततात असं कळलं तर सावध राहा. ते पोटात गेल्यावर धुऊन पाण्यात उतरतं, पाणी जठरातून लवकर जातं, आणि आजारी जठर निरोगी दिसतं. दोनच गोष्टी विचारा, औषध पिठात शिजवता का, आणि त्या इडलीसाठी तुमचे नॉर्मलचे आकडे कोणते. अंड्याच्या खाण्याचे आकडे इडलीला लावायचे नाहीत. अंड्याच्या सँडविचला दोन तासांनी ६० टक्क्यांच्या वर किंवा चार तासांनी १० टक्क्यांच्या वर शिल्लक राहिलं तर उशीर धरतात.

तिसरा प्रश्न, चार तास मोजता का? काही ठिकाणी दीड-दोन तासांत आटोपतात. दोन तासांना ठीक दिसलेलं जठर चार तासांना अडकलेलं निघतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

आणि हुतात्मानं उपाशी नेऊ नका. इन्सुलिनवरचा पेशंट, रात्रभर उपास, वर चार तासांचा प्रवास. साखर एकदम उतरली तर गाडीतच पंचाईत. आदल्या दिवशी जा, मुक्काम करा, सकाळची पहिली वेळ मागा. इन्सुलिन सोबत न्या. किती आणि कधी टोचायचं ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. बहुधा कमी केलेला डोस त्या खाण्याबरोबर देतात.

---

कडक_भाकरी

परत येताना आईंसाठी मऊ भात. आमची भाकरी आणि शेंगाचटणी त्यांना बरं वाटल्यावर.

---

अक्कलकोट_रोड (१७ दिवसांनी)

उशिरा लिहितोय, माफ करा. जाऊन आलो.

कॅप्सूल बघितली तर मोजणीदार म्हणाले तसंच निघालं, त्यात डोमपेरिडोन. डॉक्टरांनी तीन दिवस आधी बदलून साधी दिली. आदल्या दिवशी पुण्यात मावसभावाकडे उतरलो. पण सकाळी केंद्रावर बोटातून साखर बघितली तर ३११. त्यांनी तपासणी करायला नकार दिला, २७५ च्या खाली हवी म्हणाले. मला आधी राग आला, एवढ्या लांबून आलो म्हणून. पण त्यांचं बरोबर होतं. चूक आमच्या घरात झाली होती. रात्री "उद्या उपाशी राहायचंय, पोटभर जेवा" म्हणून आईला आग्रहानं वाढलं आणि साखर उतरेल या भीतीनं रात्रीचं इन्सुलिनच चुकवलं. डॉक्टरांनी रात्रीचा डोस चालू ठेवायला कागदावर लिहिलेलं होतं, मीच नीट वाचलं नव्हतं.

डॉक्टरांना फोन करून दुसऱ्या दिवशी गेलो. साखर १९८. इडली पिठात औषध घालूनच वाफवलेली होती. आईला दहा मिनिटांत संपवायची होती, शेवटचे दोन घास तिनं पाण्याच्या घोटाबरोबर अक्षरशः ढकलले. मग कॅमेऱ्यापुढे उभं करून पुढून-मागून एकेक मिनिट. त्यानंतर एक तासानं, दोन तासांनी आणि चार तासांनी. मधल्या वेळात बाहेरच्या बाकावर बसून राहिलो, पाणीसुद्धा नाही. तंत्रज्ञानं मला पडद्यावर दाखवलं. पहिल्या चित्रात डाव्या बाजूला वाटीसारखा भरलेला उजेड. चार तासांनंतरच्या चित्रात ती वाटी थोडी लहान झाली होती, पण होती तिथंच.

आकडे: एका तासाला ८६ टक्के शिल्लक, दोन तासांना ७२, चार तासांना ३८. त्यांच्या इडलीची मर्यादा रिपोर्टवर छापलीय, आई तिच्या बरीच वर आहे. "घन अन्न रिकामं होण्यात लक्षणीय विलंब" असं लिहिलंय.

इथल्या डॉक्टरांनी थोडं थोडं सहा वेळा खाणं, सालं-चोथा आणि तेल कमी, भात-मऊ पातळ जास्त, आणि जठराचं औषध थोड्या दिवसांसाठी, त्रासावर लक्ष ठेवून, असं दिलंय. साखरेच्या डॉक्टरांनी इन्सुलिनची वेळ बदलली. अन्न उशिरा उतरतं म्हणून जेवणाआधी टोचल्यावर साखर आधी पडायची आणि मग चढायची, हे आता कळलं.

बरगडीखालचं दुखणं या पंधरवड्यात एकदाच झालं. सर्जन अजून म्हणतात हायडा करू या.

---

मोजणीदार

नीट करून आलात, बरं वाटलं. इंटरनेटवर चार तासांच्या आकड्यावरून सौम्य-मध्यम-तीव्र अशी प्रतवारी सापडेल, ती अंड्याच्या खाण्याची आहे. आईंच्या ३८ ला लावू नका. पुन्हा कधी तपासणी झाली तर त्याच केंद्रात, त्याच इडलीवर करा, म्हणजे दोन आकड्यांची तुलना होईल.

हायडाचा निर्णय डॉक्टरांचा. माझं म्हणणं आधीचंच, केली तर इंजेक्शनवर. दूध-लोण्यावर आईंचा आकडा खाली येईल आणि त्याचा अर्थ कोणालाच लावता येणार नाही.

---

दमाणीनगरची_मीना

आईंचं दुखणं जेवणाशी जोडून येतं का, तेवढं वहीत लिहून ठेवा. माझ्या वेळी सर्जननी तेच आधी विचारलं होतं. आणि मी आता माझ्या फुगण्यासाठी पोटविकारवाल्यांची वेळ घेतलीय. माझीही कॅप्सूल बघितली, डोमपेरिडोन त्यातही आहे.

---

उजेड_सावली

सर्जन पुन्हा एमआरसीपी म्हणाले तर दुखलेल्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी लिव्हरची रक्ततपासणी करून ठेवा. शांत दिवसाचे आकडे चांगले असून फारसं कळत नाही. दुखल्यावर ते चढले तर एमआरसीपीला अर्थ आहे.

---

अक्कलकोट_रोड

वही कालपासून सुरू केलीय, तारीख, वेळ, काय खाल्लं, साखर किती. दुखलं की रक्त कुठं द्यायचं तेही बघून ठेवलंय. इंजेक्शनवर हायडा करतात का, हे दोन केंद्रांना विचारलं. एकानं नाही म्हटलं, दुसरे उद्या कळवतो म्हणालेत. कळलं की इथंच लिहितो.